मनकर्णा गेली तेव्हा

लग्नात करवली म्हणून कलश हातात घेऊन उभं राहणं हे निकिताच्या मते सोपं काम होतं. पाय दुखतात, पण डोकं दुखत नाही. लग्नानंतर पाठराखीण म्हणून नवरीबरोबर तिच्या सासरी जाऊन राहणं त्याहून सोपं, कारण पाठराखणीला सगळे जेवायला वाढतात आणि काम कुणी सांगत नाही. खरं डोक्याला ताप देणारं काम तिच्याकडे तिसरंच होतं. ज्ञानेश्वरीच्या लग्नाच्या फोटोंवर कॅप्शन लिहायचं होतं.

हे काम ज्ञानाने तिच्यावर अकरावीतच टाकलं होतं, नवरा कोण हे ठरायच्या बारा वर्षं आधी. निकिता भिंगारची, ज्ञाना राहात्याची, पण कॉलेजसाठी ती भिंगारला मामाकडे राहायची. दोघी एका बाकावर बसल्या आणि पुढे एका स्कूटीवर. निकिताला लिहायची खाज, कुणाच्या वाढदिवसाला ती चार ओळी अशा टाकायची की वाढदिवसवाला सोडून सगळे हसायचे, आणि शेवटी तोही हसायचा. नगर शहरात अर्ध्या मैत्रिणींच्या साखरपुड्याचे फोटो निकिताच्या शब्दांवर मिरवत होते. त्याबद्दल तिला आजवर एक पाणीपुरी सोडून काही मिळालं नव्हतं.

परवा लग्न झालं. आज कोपरगावला हर्षलच्या घरी सत्यनारायण होता. सकाळी आठ वाजता, केस ओले असताना, ज्ञाना तिला वरच्या खोलीत गाठून म्हणाली, "निके, आज टाक. आणि एक ऐक. या घरात मला अजून कुणी ओळखत नाही. मुंडावळ्यांच्या मागे बसलेली एक बाई, एवढंच. हर्षलचे सगळे नातेवाईक हे वाचणार आहेत. त्यांना मी आवडले पाहिजे गं."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खरं लिही. पण असं लिही की खरं असूनही आवडेन."

ती गेली आणि निकिताला पहिल्यांदाच कॅप्शनची भीती वाटली. इतके दिवस कॅप्शन चुकलं तर चार लाइक कमी, एवढाच धोका होता. आता चुकलं असतं तर त्याची फळं ज्ञानाला चुलीपाशी उभं राहून खायला लागली असती, आणि ती स्वतः उद्याच्या गाडीने भिंगारला निघून गेली असती.

तिचे काही नियम होते. चिडवायचं ते नवरीला आणि स्वतःला, तिसऱ्या माणसाला नाही. गंमत समजावून सांगायची नाही, घडलं ते सांगायचं. जी गंमत फक्त दोघींना कळते ती वहीत ठेवायची. जी गंमत दोघींची आहे, पण बाहेरच्यालाही आपल्या एखाद्या मैत्रिणीची आठवण करून देते, ती लिहायची. आणि पहिली ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण फोनवर फोटोखाली तेवढीच दिसते. पुढचं सगळं 'आणखी' या शब्दामागे दडलेलं असतं. पहिल्या ओळीने माणसाला ओढलं नाही, तर तो बोटाने वर सरकवून कुणाच्या तरी कुत्र्याकडे निघून जातो.

परीक्षा घ्यायला तिने हर्षलच्या बहिणीला, अश्विनीला, पलंगावर बसवलं. बारावीतली मुलगी, ज्ञानाला अवघे दोन दिवस ओळखणारी. परकं गिऱ्हाईक म्हणून उत्तम.

"चमच्याचा किस्सा ऐक," निकिता म्हणाली आणि वाचलं.

अश्विनी म्हणाली, "निकिताताई, यात हसायचं कुठं हाय?"

"तू तिथे असायला हवी होतीस."

"मग न्हाई चालणार. मी न्हवते."

पोरगी हुशार होती. चमचा गेला. पेपराच्या दिवशी उलट्या घातलेल्या ड्रेसचाही किस्सा गेला, कारण त्यात तिसऱ्याच एका मुलीची फजिती होती. राहिलं ते निकिताने पुन्हा वाचलं, दोन शब्द कापले, आणि अश्विनी पलंगावर आडवी होईपर्यंत हसली.

फोटोंच्या क्रमावर मात्र दोघींचं जुंपलं. अश्विनीला पहिला फोटो हसरा हवा होता. निकिता म्हणाली, नाही, पहिला पाठवणीचाच. ज्ञाना आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडतेय, हर्षल मान खाली घालून उभा, मागे चार बायकांच्या डोळ्यांना पदर. आणि बोटाने सरकवलं की दुसरा फोटो, गाडीत, तोंडात अख्खा वडापाव, मुंडावळी कानावर. "रडू आधी, वडा नंतर," ती म्हणाली, "नाहीतर वड्याला किंमत काय?"

पावणेनऊला दहा फोटो चढले. खाली लिहिलं होतं:

"मनकर्णा गेली तेव्हा ज्ञाना दोन दिवस जेवली नव्हती.

परवा स्वतः सासरी गेली, तर शिर्डी यायच्या आत विचारते, 'वडापावला थांबणार का?'

मनकर्णा म्हणजे आमची सेकंडहँड स्कूटी. नाव आधीच्या मालकाने पुढे रंगवलेलं, आम्ही पुसलं नाही. ती बंद पडली की आम्ही वर्गात सांगायचो, 'सर, मनकर्णा आजारी आहे.' शामकांत सर तीन वर्षं ज्ञानाच्या आजीच्या तब्येतीची चौकशी करत होते. भंगारात दिली, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वर्गाला दोन मिनिटं उभं केलं.

फोटो तीन: अंतरपाटाच्या वरून डोकावणारे डोळे. नवरा तोच आहे ना, ही खात्री.
फोटो पाच: मुहूर्त बारा एकतीसचा, नवरी बारा चाळीसला. ज्ञाना 'निघालेच' म्हणते तेव्हा बादली भरत असते. हर्षलभाऊ, लिहून ठेवा.
फोटो आठ: घास भरवताना उखाणा विसरली आणि घास स्वतःच खाल्ला.

कोपरगावकरांनो, आमचं माणूस तुमच्याकडे दिलंय. उशिरा येतं, पण आलं की जात नाही."

खाली फोटोग्राफरचं नाव. ज्ञाना आणि हर्षल दोघांनाही तिने पोस्टमध्ये भागीदार करून घेतलं, म्हणजे ती तिघांच्याही खात्यावर एकाच वेळी दिसेल. ज्ञानाने स्वयंपाकघरातून होकार दिला आणि पाठोपाठ निरोप आला, "शेवटच्या ओळीला रडले. बाकी तुला बघून घेते." हर्षलने न वाचताच होकार दिला. नवऱ्याच्या होकाराची ती सुरुवात होती.

तासाभरात हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे खाली रांगेने येऊन बसले. त्यांत पाच-सहा नुसते रडणारेही होते. निकिताला वाटलं, लोकांचं बोट चुकतं. मग गोरक्ष नावाच्या कुणीतरी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली 🙏". निकिता जाम खूश झाली. याला म्हणतात वाचक! तिने त्याला लाल बदाम दिला आणि त्याच सुरात उत्तर टाकलं, "फार सोसलं हो तिने 🙏".

अकराला पूजा सुरू झाली. गुरुजींनी सगळ्यांचे फोन आवाज बंद करून कोनाड्यात ठेवायला लावले. पाच अध्याय झाले, आरती झाली, मांडवात पहिली पंगत बसली. दोन वाजत आले असतील. केळीच्या पानावर शिरा पडतोय तोच फाटकाशी एक जीप करकचून थांबली आणि रस्त्यावरूनच हंबरडा ऐकू आला.

"मनाक्का गंऽऽ! आम्हाला न सांगताच गेली गंऽऽ!"

पांढरं धोतर, डोक्याला पटका, सत्तरीचे एक आजोबा छाती पिटत मांडवात शिरले. मागे दोन बायका पदर तोंडात धरून. त्यांच्या मागे चोविसेक वर्षांचा एक जण, काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी. पंगतीतले घास हातात राहिले.

आजोबांनी मांडव पाहिला, केळीचे खांब पाहिले, शिरा पाहिला, आणि त्यांचं रडं एकदम रागावर गेलं.

"शिरा? माझी बहीण जाऊन मातीसुद्धा वाळली न्हाई, आन् तुमी शिरा खाता? सुतक न्हाई, काही न्हाई, लग्न उरकून मोकळे! भावाला कळवायची लाज वाटली व्हय?"

हर्षलचे वडील हातातलं तांब्याभांडं घेऊन पुढे आले. "आबामामा? तुमी? अवो, कोण गेलं?"

"मला इचारतो? मनकर्णा गेली! साऱ्या जगाला ठावं हाय!"

'मनकर्णा' हा शब्द कानावर पडला आणि निकिताच्या हातातली मठ्ठ्याची वाटी तिच्याच साडीवर सांडली. तिने ज्ञानाकडे पाहिलं. ज्ञाना पंगतीला वाढत होती, ती शिऱ्याचं पातेलं घेऊन जागच्या जागी थिजली होती.

"मनकर्णा कोण?" हर्षलने वडिलांना विचारलं. वडिलांनाही दोन क्षण लागले.

तेवढ्यात घरातून एक काठी टेकत टेकत बाहेर आली आणि काठीमागून आक्का आल्या. हर्षलची आजी. पत्रिकेत 'श्रीमती सत्यशीला' आणि घरात आक्का. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्या या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा नवऱ्याने, बन्सी आजोबांनी, ताटातल्या तांदळात बोटाने 'सत्यशीला' असं लिहिलं होतं. त्याआधीचं त्यांचं मनकर्णा हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. नातवंडांना ते ठाऊकच नव्हतं. ते नाव शेवगावकडच्या त्यांच्या माहेरात, चार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढं उरलं होतं.

"कोण रडतंय रं?" आक्का म्हणाल्या. "जेवणाच्या टायमाला?"

आबासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी बहिणीकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग पिशवीवाल्या नातवाकडे वळले.

"गोरक्ष्या! तू तर म्हनला, गेली!"

गोरक्षने फोन पुढे केला. त्यात पोस्ट नव्हती, पोस्टचा काढलेला फोटो होता. वर ज्ञाना आईच्या गळ्यात पडून रडतेय, हर्षलची मान खाली, बायकांच्या डोळ्यांना पदर. खाली एकच ओळ. 'मनकर्णा गेली तेव्हा ज्ञाना दोन दिवस जेवली नव्हती.' आणि पुढे 'आणखी'. गोरक्षने तो माहेरच्या गटावर टाकला होता आणि गटात सकाळपासून हात जोडलेले पंचेचाळीस जण होते.

"मी आधी इचारलं बी," गोरक्ष रडकुंडीला येऊन म्हणाला. "श्रद्धांजली वाहिली. त्येनला इचारा! त्यांनी उलट लिवलं, लई सोसलं तिनं म्हणून. मग वाटेवरनं हर्षलदादाला अकरा फोन लावले, एक बी उचलला न्हाई. मंग काय समजायचं माणसानं?"

सगळ्या मांडवाचे डोळे फिरत फिरत निकितावर येऊन थांबले. तिला वाटलं, हीच ती वेळ, जमिनीने पोटात घ्यावं. ज्ञानाला सगळ्यांची आवडती करायला ती निघाली होती आणि या घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला तिने मारून टाकलं होतं, सत्यनारायणाच्या दिवशी, नवरीच्या सहीनिशी. बोटाने पळून जाणाऱ्या लोकांना अडवायला तिने जी ओळ कोरली होती, ती एवढी उत्तम झाली होती की पुढची ओळ वाचायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

"चूक माझी आहे," ती पुढे होऊन म्हणाली. "ज्ञानाची नाही. ते मी लिहिलंय. मनकर्णा आमची स्कूटी होती. खाली तसं लिहिलंय, पण ते दाबल्याशिवाय दिसत नाही."

"स्कूटी?" आबासाहेब म्हणाले.

"हो आजोबा. दुचाकी. भंगारात दिली."

मांडवात कुणाला हसावं की नाही ते कळेना. आक्कांनी काठीने निकिताला जवळ बोलावलं. "वाच. सगळं वाच. माझ्यावर काय लिवलंय ते कळू दे मला."

निकिताने कोनाड्यातून फोन आणला, 'आणखी'वर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सर तीन वर्षं ज्ञानाच्या आजीच्या तब्येतीची चौकशी करत होते, इथवर ती आली तेव्हा पंगतीतून पहिली खुसखूस झाली. वर्गाला दोन मिनिटं उभं केलं, तेव्हा हर्षलच्या वडिलांच्या हातातलं तांब्याभांडं हसण्याने डचमळलं. उखाणा विसरून घास स्वतःच खाल्ला, याला जेवायला बसलेल्या बायकांनी पानावर हात मारले. शेवटच्या ओळीला मात्र कुणी हसलं नाही. "उशिरा येतं, पण आलं की जात नाही," निकिताने वाचलं, आणि हर्षलच्या आईने उठून ज्ञानाच्या हातातलं जड पातेलं काढून घेतलं आणि तिला बाजूच्या पाटावर बसवलं.

"बस गं. मघापासून वाढतीयस," त्या म्हणाल्या.

आक्का अजून गंभीरच होत्या. "मग ही मनकर्णा," त्यांनी विचारलं, "सारखी बंद पडायची?"

"हो आक्का."

"आन् एकदा सुरू झाली की?"

"मग थांबायची नाही."

"मंग माझंच नाव हाय ते," आक्का म्हणाल्या आणि दात नसलेलं तोंड उघडून अशा हसल्या की त्यांना खोकला लागला. ज्ञाना पाणी घेऊन धावली.

निकिताने तिथेच उभ्या उभ्या कॅप्शन बदललं. 'मनकर्णा (आमची स्कूटी) गेली तेव्हा'. अश्विनीने खांद्यावरून वाचून नाक मुरडलं, "आता मजा गेली." मजा गेलीच होती, हे निकितालाही कळत होतं. पण त्या ओळीवरून आता कुणी जीप काढून येणार नव्हतं. गोरक्षने माहेरच्या गटावर 'आत्याआजी जिवंत हाय' असा निरोप धाडला, आणि खाली पुन्हा पंचेचाळीस हात जोडले गेले.

आबासाहेब मात्र जीपकडे वळले होते. निघतो म्हणाले. बावीस वर्षांपूर्वी याच घरात, आक्कांच्या धाकट्या लेकीच्या लग्नात, 'मुलीच्या मामांनी मागे उभं राहावं' असा पुकारा झाला आणि आबासाहेब मांडवामागे तंबाखू मळत होते. कुणीतरी दुसऱ्याच माणसाला मामा म्हणून उभं केलं. अक्षता पडल्या. आबासाहेब न जेवता निघाले आणि जाताना दारात बोलून गेले, आता तुझ्या मौतीलाच येईन. त्यानंतर प्रत्येक कार्याची पत्रिका शेवगावला जायची आणि कुणी यायचं नाही. हर्षलच्या लग्नाचीही गेली होती.

"आबा," आक्का म्हणाल्या, "काय बोलला व्हतास आठवतं का?"

आबासाहेबांनी पटका सारखा केला. "आठवतं की."

"मग बोलल्यापरमानं आला की तू. शब्दाचा पक्का. आता मी मेले न्हाई, त्यात माझा काय दोष? बस पानावर."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पुन्हा धार लागली, पण या खेपेला आवाज नव्हता. "सकाळी पोरानं वाचून दाखवलं," ते म्हणाले, "आन् मला वाटलं, झालं. आता कुणाशी भांडू?"

आक्कांनी मान फिरवली, तर समोर गोरक्ष पिशवी पाठीमागे लपवत उभा.

"त्यात काय रं?"

"काय न्हाई आत्याआजी."

"दाखव म्हनते ना."

सगळ्यांना कळलं होतं त्यात काय आहे. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते घेऊन भाऊ येतो, तेव्हाच तिला उचलतात. उशीर झाला तरी ते चुकू नये म्हणून शेवगावच्या बाजारात दुकान उघडायच्या आधी दार वाजवून आबासाहेबांनी ते घेतलं होतं. गोरक्षने पिशवी पुढे केली तेव्हा हर्षलच्या आईने "अगं बाई, नको" म्हणून हात आडवा घातला. असलं कापड शुभकार्याच्या घरात कसं न्यायचं?

आक्कांनी हात बाजूला केला. लुगडं उलगडलं. जांभळं, बारीक काठाचं, नऊवार. दोन बोटांत धरून पोत पाहिला, काठ उन्हात धरला.

"जांभळं आणलंस."

"तुला आवडायचं," आबासाहेब म्हणाले.

"चांगलं हाय. मेल्यावर मला ते कवा कळलं असतं, आँ?" त्यांनी लुगडं खांद्यावर टाकलं आणि ज्ञानाकडे काठी केली. "ए नवरीबाई, चल आत. निऱ्या धर माझ्या. मला आज हेच नेसायचंय."

ज्ञाना सासूकडे पाहायला लागली. सासूने मान हलवली. मग ती उठली, आक्कांचा हात धरून आत गेली, आणि बराच वेळ आतून आक्कांचं "अशी न्हाई गं, अशी" ऐकू येत राहिलं. निकिता ते ऐकत पंगतीत बसली. तिला भूक लागली होती, हे तिला तेव्हाच कळलं.

जांभळं लुगडं नेसून आक्का बाहेर आल्या आणि भावाच्या शेजारी पाटावर बसल्या. ज्ञानाने दोघांच्या पानांवर शिरा वाढला.

आबासाहेबांनी बहिणीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांना घास उचलेना.

"आता काय झालं?" आक्का म्हणाल्या. "हे तर मी नेसले. खरंच जाईन तवा दुसरं आणावं लागंल तुला."

"आणीन," आबासाहेब म्हणाले. "पर त्याच्या आधी भाऊबीजेला एक आणतो."